थांबण्याचा क्षण आणि निष्कर्षाची विश्वासार्हता : महाराष्ट्रातील फलज्योतिष-चाचणीच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

संख्याशास्त्रीय कसोटी वापरणाऱ्या संशोधनात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : संशोधकाने माहिती गोळा करणे नेमके केव्हा थांबवले, आणि का थांबवले? नमुन्याचा आकार, प्रश्नावली, कसोटीचे नाव आणि पी-मूल्य यांची नोंद प्रबंधात असते. पण त्या आकारापाशीच संशोधक का थांबला, याचा उल्लेख बहुधा नसतो. ही वरवर किरकोळ वाटणारी बाब निष्कर्षाची विश्वासार्हता मुळापासून बदलू शकते. माहिती जमत असतानाच अधूनमधून पी-मूल्य पाहायचे, ते ०.०५ च्या खाली गेले की थांबायचे आणि गेले नाही तर आणखी नमुने घ्यायचे, या पद्धतीला 'ऐच्छिक थांबा' असे म्हणता येईल. अशा पद्धतीत प्रत्यक्षात नसलेला परिणाम 'आढळला' असे ठरण्याची शक्यता, म्हणजे खोट्या होकाराचे प्रमाण, जाहीर केलेल्या पातळीपेक्षा बरेच वाढते.

हे का घडते, किती प्रमाणात घडते आणि ते कसे टाळता येते, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी २००८ साली महाराष्ट्रात झालेल्या फलज्योतिषाच्या चाचणीचा आधार घेतला आहे. या चाचणीत ऐच्छिक थांब्याला वाव नव्हता. म्हणूनच तो वाव दिला असता तर काय झाले असते, हे तिच्या आकड्यांवरून स्वच्छ मोजता येते.

चाचणीची रचना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली विद्यापीठांतून वैदिक ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा प्रस्ताव मांडला आणि देशभर वाद झाला. या वादाला प्रयोगाची जोड देण्याचे काम पुढे डॉ. जयंत नारळीकर यांनी हाती घेतले. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील प्रा. सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक व चिकित्सक प्रकाश घाटपांडे हे त्यांचे सहकारी होते. या चाचणीचा अहवाल २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

चाचणीची कल्पना साधी होती. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले यांची जन्मविषयक माहिती घेऊन दोनशे जन्मपत्रिका तयार करण्यात आल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या चाळीस पत्रिका देण्यात आल्या. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच त्याने सांगायचे होते. कोणती पत्रिका कोणाची, हे ज्योतिषांना ठाऊक नव्हते आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. केवळ अंदाजाने उत्तरे दिली तर सरासरी वीस बरोबर येतील. यशासाठी चाळीसपैकी किमान अठ्ठावीस अचूक उत्तरांची अट होती. निव्वळ योगायोगाने अठ्ठावीस किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता काढली तर ती एक टक्क्याहूनही कमी, सुमारे ०.८ टक्के, भरते.

एक्कावन्न ज्योतिषांनी पत्रिका घेतल्या. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सर्वाधिक अचूक उत्तरे चोवीस होती, त्याखालोखाल दोघांची बावीस. अठ्ठाविसाच्या जवळपासही कोणी पोहोचले नाही. ज्योतिषाच्या एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका तपासल्या. तिची एकशे दोन उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ नेमकी निम्मी.

या चाचणीवर भाष्य करणाऱ्यांचे लक्ष साहजिकच निकालाकडे गेले. पद्धतीच्या दृष्टीने मात्र तिचे बळ दुसऱ्याच गोष्टीत आहे. चाळीस आणि अठ्ठावीस हे दोन्ही आकडे पहिले उत्तर तपासण्याच्या आधीच ठरलेले होते. बारा पत्रिकांनंतर मोजणी करून 'सिद्ध झाले' म्हणण्याची मुभा कोणालाच नव्हती. चाळीस संपल्यावर 'आणखी दहा द्या' म्हणण्याचीही नव्हती. ही मुभा किती महत्त्वाची असते, ते पुढील गणितावरून दिसेल.

मध्येच डोकावण्याची किंमत

समजा, अट थोडी सैल आहे. संशोधनात रूढ असलेली पाच टक्क्यांची सार्थकता पातळी घेतली आणि ज्योतिषाला काहीही कळत नाही, प्रत्येक उत्तर म्हणजे नाणेफेक आहे, असे मानले. पत्रिकांची संख्या चाळीस धरली आणि मोजणी एकदाच, शेवटी केली, तर यशासाठी सव्वीस अचूक उत्तरे लागतील. योगायोगाने सव्वीस किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४.० टक्के आहे. पंचवीसची अट ठेवली तर ही शक्यता ७.७ टक्के होते, म्हणून पंचवीस पुरेसे नाहीत.

आता मोजणी चार वेळा करायची असे ठरवू : दहा, वीस, तीस आणि चाळीस पत्रिकांनंतर. प्रत्येक वेळी, जणू तीच एकमेव मोजणी आहे अशा थाटात, पाच टक्क्यांचा निकष लावायचा. त्यानुसार दहांपैकी नऊ, विसांपैकी पंधरा, तिसांपैकी वीस किंवा चाळिसांपैकी सव्वीस बरोबर आले की 'यश' जाहीर करायचे आणि थांबायचे. यांपैकी एकही निकष स्वतंत्रपणे पाहिला तर गैर नाही. प्रत्येकाची योगायोगाने पूर्ण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आतच आहे.

पण चौघांची बेरीज वेगळीच निघते. पहिल्या मोजणीला १.१ टक्के निव्वळ अंदाजी ज्योतिषी यशस्वी ठरतील. जे ठरले नाहीत, त्यांपैकी दुसऱ्या मोजणीला नव्याने १.६ टक्के, तिसऱ्या मोजणीला ३.४ टक्के आणि चौथ्या मोजणीला १.३ टक्के यशस्वी ठरतील. (हे सर्व टक्के मूळ एकूण संख्येवर काढले आहेत.) एकूण शक्यता ७.४ टक्के होते. एकाच मोजणीतील चार टक्क्यांच्या जागी सात टक्क्यांहून अधिक अंदाजी ज्योतिषी 'सिद्ध' होतात. पत्रिका त्याच, उत्तरे तीच, ज्ञान शून्यच. बदलली ती केवळ थांबण्याची मुभा.

या मुभेचा परिणाम सत्तावीस ज्योतिषांवर पाहिला तर तो अधिक ठळक होतो. शेवटी एकदाच मोजणी आणि सव्विसाचा निकष असता, तर सत्ताविसांपैकी सरासरी एक जण योगायोगाने उत्तीर्ण झाला असता. चार वेळा डोकावले असते, तर सरासरी दोन जण. आणि किमान एक तरी 'यशस्वी ज्योतिषी' मिळण्याची शक्यता सुमारे ८८ टक्के झाली असती. प्रत्यक्षातील अठ्ठाविसाच्या कठोर निकषामुळे ती सुमारे २० टक्क्यांवर आली होती. एवढ्या एका यशस्वी नावावर वृत्तपत्रातील मथळा सहज उभा राहिला असता.

मोजणी दर पत्रिकेनंतर करू दिली तर परिस्थिती आणखी बिघडते. पहिली पाच उत्तरे सलग बरोबर येण्याची शक्यता बत्तिसात एक, म्हणजे ३.१ टक्के असते. पाच टक्क्यांचा निकष तेवढ्यावरच पूर्ण होतो! तेथेच थांबण्याची सवलत असेल तर ती एकटीच पाच टक्क्यांच्या मर्यादेतील बराचसा वाटा संपवून टाकते, आणि पुढच्या पस्तीस संधी शिल्लकच राहतात.

पी-मूल्य स्थिर होत नाही

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. नमुना वाढवणे ही तर चांगली गोष्ट मानली जाते. मग अधिक माहिती घेतल्याने निष्कर्ष बिघडतो कसा?

या आक्षेपामागे एक गैरसमज आहे. नमुना वाढत गेला की पी-मूल्य हळूहळू 'खऱ्या' किमतीकडे सरकते, असे अनेकांना वाटते. परिणाम खरोखर असेल तर ते पुरेशा नमुन्यानंतर शून्याकडे जाते, हे बरोबर आहे. परंतु परिणाम नसेल, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असेल, तर पी-मूल्य कोठेही स्थिर होत नाही. कोणत्याही ठरावीक टप्प्यावर ते शून्य ते एक यांच्या दरम्यान कोठेही असण्याची शक्यता सारखीच असते आणि टप्प्याटप्प्याने ते वरखाली भटकत राहते. या भटकंतीत ते कधी ना कधी ०.०५ च्या खाली उतरतेच. त्याच क्षणी मोजणी थांबवणे म्हणजे भटक्याला नेमके हवे त्या दारात उभे असताना पकडणे आणि हेच त्याचे घर आहे असे नोंदवणे. मर्यादा न घालता मोजणी चालूच ठेवली तर पाच टक्क्यांची रेषा केव्हातरी ओलांडली जाणे गणिताने अटळच आहे.

दोष अधिक माहितीत नाही. तो एकतर्फी थांब्यात आहे. अनुकूल निकाल आला की काम संपते, प्रतिकूल आला की चालू राहते. नाणेफेक हरल्यावर 'तीनपैकी दोन' म्हणायचे आणि तेही हरल्यावर 'पाचपैकी तीन' म्हणायचे, हा खेळ मुलांनाही अन्यायाचा वाटतो, कारण जिंकलेला मुलगा कधीच पुन्हा नाणे उडवायला सांगत नाही.

पी-मूल्याचा अर्थच या प्रश्नाशी जोडलेला आहे. 'परिणाम नसताना असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता' ही त्याची व्याख्या आहे. 'असा निकाल येण्याची' शक्यता काढायची तर कोणकोणते निकाल येऊ शकत होते, हे आधी ठाऊक हवे. आणि ते थांबण्याच्या नियमावर अवलंबून असते. नियम बदलला की तोच आकडा वेगळ्या अर्थाचा होतो. संगणकावरील संख्याशास्त्रीय प्रणालीला हा नियम माहीत नसतो. तिला दिलेला नमुना आधीच ठरला होता असे गृहीत धरूनच ती पी-मूल्य छापते.

जिल्हा पातळीवरील संशोधनात हे कसे घडते

प्रयोगशाळेपेक्षा महाविद्यालयीन संशोधनात ऐच्छिक थांब्याला अधिक वाव मिळतो, कारण तेथे माहिती टप्प्याटप्प्याने, गावोगाव फिरून जमवावी लागते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्यातील एखादा संशोधक गणित शिकवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करीत आहे. मेहकरला प्रत्येक गटात दहा विद्यार्थी मिळाले; टी-कसोटी लावली, पी-मूल्य ०.२१ आले. 'नमुना लहान आहे' म्हणून लोणारला आणखी दहा-दहा घेतले, ०.०९ आले. 'कल दिसतो आहे' म्हणून चिखलीला दहा-दहा, ०.०४ आले. प्रबंधात 'प्रत्येकी तीस विद्यार्थ्यांचा नमुना घेतला, फरक ०.०५ पातळीवर सार्थ आढळला' असे लिहिले गेले. या संशोधकाने एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. फक्त खामगाव आणि मलकापूर हे पुढचे टप्पे, जे चिखलीत निकाल हुकला असता तर घेतले गेले असते, ते वाचकाला दिसत नाहीत.

अशा पाच समान टप्प्यांची मुभा असेल, तर प्रत्यक्षात फरक नसताना तो 'सार्थ' ठरण्याची शक्यता पाच टक्के राहत नाही, सुमारे १४ टक्के होते. हे गणित आर्मिटेज, मॅक्फर्सन आणि रो या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ सालीच मांडले होते : दोन मोजण्यांना ८.३ टक्के, पाचांना १४.२ टक्के, दहांना १९.३ टक्के, वीस मोजण्यांना २४.८ टक्के. ही प्रवृत्ती अपवादात्मक नाही. जॉन, लोवेनस्टाइन आणि प्रेलेक यांनी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांची पाहणी करून २०१२ साली ती प्रसिद्ध केली. निकाल सार्थ आहेत का हे पाहून आणखी माहिती गोळा करायची की नाही ते ठरवल्याचे त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मान्य केले. त्यांतील बहुतेकांना यात काही गैर आहे असे वाटलेही नसावे. वरील संशोधकाप्रमाणेच त्यांचा प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे समंजस वाटणारा होता.

परीक्षकाला याचा माग कसा काढता येईल? एकट्या प्रबंधावरून खात्री करता येत नाही, पण खुणा असतात. नमुन्याच्या आकाराचे कारण दिलेले नसते, किंवा आराखड्यातील आकार आणि प्रत्यक्ष आकार वेगळे असतात. माहिती जमवण्याच्या तारखा तुटक असतात. पी-मूल्य ०.०५ च्या किंचित खाली येऊन थांबलेले असते. यांपैकी एकच खूण दिसली तर ती निरुपद्रवी असू शकते. तिन्ही एकत्र आल्या तर 'तुम्ही येथेच का थांबलात?' हा प्रश्न मौखिक परीक्षेत विचारला गेलाच पाहिजे.

डोकावण्याचा शिस्तबद्ध मार्ग

मध्येच पाहणे नेहमीच निषिद्ध आहे, असा याचा अर्थ नाही. काही वेळा ते नैतिकदृष्ट्या आवश्यक असते. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ज्यात सहभागी होती, तो 'एचपीटीएन ०५२' हा नऊ देशांतील अभ्यास त्याचे उत्तम उदाहरण आहे. जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्हीची लागण असलेल्या १,७६३ जोडप्यांत, लागण झालेल्या व्यक्तीला औषधोपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराचे रक्षण होते का, हे तपासायचे होते. २०११ साली स्वतंत्र देखरेख मंडळाने अंतरिम माहिती पाहिली. जोडीदाराकडूनच झाल्याचे सिद्ध झालेल्या अठ्ठावीस लागणींपैकी सत्तावीस उशिरा उपचार देण्याच्या गटात होत्या, लवकर उपचाराच्या गटात केवळ एक. मंडळाने निकाल तात्काळ जाहीर करण्याची शिफारस केली.

हा ऐच्छिक थांबा नव्हे. येथे अंतरिम पाहणी आराखड्यातच नमूद होती; आकडे पाहणारे मंडळ संशोधकांपासून स्वतंत्र होते; आणि मध्येच थांबण्यासाठीचा निकष नेहमीच्या पाच टक्क्यांहून कितीतरी कडक होता. या कडकपणाचे गणित तयार आहे. पोकॉक यांच्या १९७७ च्या पद्धतीनुसार पाच वेळा पाहायचे असेल तर प्रत्येक वेळी ०.०५ ऐवजी ०.०१५८ हा निकष लावावा. म्हणजे एकूण खोट्या होकाराची शक्यता पाच टक्क्यांवरच राहते. ओब्रायन आणि फ्लेमिंग यांच्या १९७९ च्या पद्धतीत सुरुवातीचे निकष अतिशय कठोर असतात आणि शेवटचा जवळपास नेहमीइतका. वर काल्पनिक उदाहरणात आलेले ०.०४ हे पी-मूल्य पोकॉकच्या निकषावर टिकत नाही. म्हणजे आराखडा आधी लिहिला असता, तर संशोधकाला चिखलीत थांबताच आले नसते.

टप्प्याटप्प्याने निर्णय घेण्याच्या या शास्त्राचा भारताशी जुना संबंध आहे. 'क्रमिक विश्लेषण' या शाखेचे प्रवर्तक अब्राहम वाल्ड यांनी आपल्या १९४७ च्या ग्रंथात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बंगालमधील ताग-क्षेत्राच्या नमुना पाहण्यांचा या विचाराचे पूर्वरूप म्हणून उल्लेख केला होता. १९५० साली भारतभेटीवर असतानाच निलगिरीतील विमान अपघातात वाल्ड यांचा अंत झाला.

संख्याशास्त्रज्ञांमध्ये या विषयावर एकमत नाही, हेही नोंदवले पाहिजे. बेझीय विचारसरणीनुसार हाती आलेल्या पुराव्याचे वजन संशोधकाने थांबण्याचा कोणता नियम मनात धरला होता यावर अवलंबून नसते. हा युक्तिवाद गंभीर आहे. पण त्याचा आसरा पी-मूल्य छापणाऱ्याला घेता येत नाही. जो पाच टक्क्यांची हमी देतो, त्याने ती हमी ज्या अटींवर उभी आहे त्या पाळल्याच पाहिजेत.

निष्कर्ष

फलज्योतिषाच्या चाचणीतही उणीव राहिली. पत्रिका घेतलेल्या एक्कावन्नांपैकी चोवीस जणांची उत्तरे आलीच नाहीत. त्यांनी उत्तरे का पाठवली नाहीत, हे आकड्यांतून कळत नाही, आणि हा निष्कर्ष सर्व ज्योतिषांना लावताना ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तथापि ज्या सत्ताविसांनी उत्तरे पाठवली, त्यांच्याबाबतीत 'अजून थोड्या पत्रिका दिल्या असत्या तर' किंवा 'सुरुवातीच्या पत्रिका पाहा' असे म्हणण्यास जागा उरत नाही. ज्योतिषाच्या समर्थकांना ती मिळाली नाही आणि विरोधकांनाही मिळाली नाही. म्हणूनच तो निकाल दोन्ही बाजूंना सारखाच बांधील ठरतो.

महाविद्यालयीन संशोधनासाठी यातून निघणारी सूचना खर्चाची नाही. संशोधन आराखडा मान्य होतानाच नमुन्याचा आकार, मध्ये पाहायचे असल्यास किती वेळा आणि कोणत्या निकषावर, हे दोन ओळींत लिहून मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीने व तारखेसह जपून ठेवावे आणि त्या ओळी प्रबंधात जशाच्या तशा द्याव्यात. आराखडा मोडावा लागला तर तसे लिहावे आणि पी-मूल्याला 'सार्थ' हे विशेषण लावू नये. या दोन ओळी ज्या प्रबंधात नाहीत, त्यातील ०.०४ हा आकडा पाच टक्क्यांचा समजून वाचण्याचे परीक्षकावर कोणतेही बंधन नाही.